सगळ्या प्रोफाइलवरचे नाव बदलताना जुने संपर्क तुटू नयेत म्हणून

प्रश्न: मी भाषांतरकार आहे. आजवर सगळीकडे 'मीरा साने' या नावाने होते, आता 'मीरा जोशी' हे नाव कायमचे लावणार आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, लिंक्डइन, एक्स, व्हॉट्सॲप, ईमेल असे सगळीकडे बदलायचे आहे. जुन्या ग्राहकांना मी सापडले पाहिजे आणि खाते माझेच आहे हे त्यांना कळले पाहिजे. हे जाहीर कधी आणि कसे करू?

उत्तर:

आधी एक गोष्ट बघा, कारण पुढचे बरेचसे तिच्यावरच उभे आहे. तुम्ही प्रोफाइलवरचे नाव बदलले की तुमच्या जुन्या पोस्टवरचे नावही त्याच क्षणी बदलते. पाच वर्षांपूर्वीची पोस्टसुद्धा मीरा जोशी या नावाखाली दिसू लागते. म्हणजे "मित्रांनो, आजपासून माझे नाव मीरा जोशी" अशी पोस्ट तुम्ही टाकली, तर वाचणाऱ्याला वर मीरा जोशी दिसेल आणि खालीही मीरा जोशीच. ही मीरा कोण, हे सांगणारा 'साने' हा शब्द त्या पानावर कुठेच नसेल. बहुतेक घोषणा इथेच फसतात. लिहिणारीला आपले जुने नाव पाठच असते, त्यामुळे ते लिहायचे राहून गेले आहे हे तिच्या लक्षातच येत नाही.

म्हणून पहिला नियम: घोषणेच्या पहिल्याच ओळीत जुने नाव पूर्ण लिहायचे, आणि ते मजकुरात लिहायचे. सुंदर रंगीत चित्रावर दोन्ही नावे छापून खाली नुसते एक फूल टाकू नका. चित्रातली अक्षरे शोधात सापडतीलच असे नाही, आणि स्क्रीन वाचून दाखवणारे ॲप वापरणाऱ्यांपर्यंत ती बहुधा पोहोचतच नाहीत. चित्र हवेच असेल तर लावा, पण तीच वाक्ये खाली लिहा.

दुसरे म्हणजे नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत द्या. तुमचे ग्राहक शोधताना 'मीरा साने' टाइप करतील की Meera Sane, हे तुमच्या हातात नाही. स्पेलिंगही तेच ठेवा जे आजवर होते. आजवर Meera लिहीत असाल आणि नव्या नावात Mira केले, तर तुम्ही एकाच वेळी दोन नावे बदललीत. जुन्या माणसाच्या हातात धरायला एक तरी दोरा राहू द्या.

आता क्रम. लोक खाते ओळखतात ते तीन खुणांवरून: फोटो, दिसणारे नाव आणि @ लावून येणारे हँडल. यातली एका वेळी एकच खूण बदलायची. नाव बदलण्याच्या उत्साहात नवा फोटो लावण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो, आणि नेमकी तिथेच गडबड होते. अनोळखी नाव आणि अनोळखी चेहरा एकत्र आला की माणूस विचार करत बसत नाही, अनफॉलो करतो किंवा खाते बनावट म्हणून तक्रार करतो. तेव्हा आजचा फोटो सगळीकडे सारखा करून घ्या आणि पुढचे तीन-चार महिने त्याला हात लावू नका. फेसबुकवर लग्नातला, लिंक्डइनवर ऑफिसातला आणि व्हॉट्सॲपवर सूर्यास्ताचा असे असेल, तर नाव बदलण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच सगळीकडे एकच चेहरा लावा. लोकांची नजर त्याला सरावू द्या.

नाव बदलण्याआधी साधारण आठवडाभर, जुन्या नावावर असतानाच, पहिली घोषणा करा. हे महत्त्वाचे आहे, कारण त्या दिवशी ती पोस्ट लोकांना ओळखीच्या नावाखाली दिसते. विश्वास असतो तो जुन्या नावावर, म्हणून बातमी त्याच नावाकडून आली पाहिजे. आणखी एक फायदा म्हणजे खाली ओळखीची माणसे प्रतिक्रिया देतात, कुणी जुन्या नावाने हाक मारून अभिनंदन करतो, आणि त्या प्रतिक्रिया पुढे तुमच्या ओळखीचा पुरावा म्हणून तिथेच राहतात.

मजकूर साधारण असा असू द्या:

"मी मीरा साने (Meera Sane), भाषांतरकार. येत्या सोमवारपासून माझे नाव सगळीकडे मीरा जोशी (Meera Joshi) असे दिसेल. खाते हेच राहील, फोटो हाच, फोन नंबर आणि ईमेलही तेच. माझे काम आणि चालू असलेली कामे आहेत तशीच चालू राहतील. तुमच्या फोनमध्ये माझे नाव 'साने' असे असेल तर कृपया 'मीरा जोशी (साने)' असे करून घ्या. काही शंका वाटली तर नेहमीच्या नंबरवर फोन करा."

यात अर्धा मजकूर काय बदलत नाही हे सांगण्यात गेला आहे, आणि तसाच तो जायला हवा. समोरच्याला खरी काळजी असते ती नंबर चालेल ना, दिलेले काम होईल ना, आणि हा काही फसवणुकीचा प्रकार नाही ना, याची. शेवटची काळजी रास्त आहे. खाते चोरणारे लोकही "माझे नाव बदलले, नंबर बदलला" असेच लिहितात. म्हणून या घोषणेत कुठलीही लिंक नको, पैशाचा उल्लेख नको, कुठलाही फॉर्म भरायची विनंती नको. नव्या बँक तपशिलांची माहिती तर याच संदेशात कधीच देऊ नका. नावाबरोबर बँक खात्यावरचे नावही बदलणार असेल तर ते प्रत्येक ग्राहकाला वेगळे आणि फोनवर बोलून कळवा. आणि शंका वाटली तर नेहमीच्या नंबरवर फोन करा, असे ग्राहकांना सांगण्याला अर्थ आहे. तो नंबर त्यांच्याकडे आधीपासून असतो, त्यामुळे पडताळणी त्यांच्या हातात राहते. म्हणून घोषणेत नंबर छापू नका.

नाव का बदलले हे सांगायचे की नाही, हा पूर्णपणे तुमचा प्रश्न. ओळख पटण्यासाठी कारणाची गरज नसते. मात्र एखादे वाक्य अर्धवट सोडले की लोक तर्क करत बसतात, म्हणून सांगायचे तर एका वाक्यात सांगा, नाहीतर विषयच काढू नका.

बदलाच्या दिवशी फक्त दिसणारे नाव बदला, हँडल नाही. आणि निदान वर्षभर नावातच जुन्या आडनावाला जागा द्या. ही मधली जोडणी घोषणेपेक्षा जास्त काम करते. पोस्ट तुमच्या यादीतल्या काही जणांनाच दिसते आणि दोन दिवसांत खाली जाते. नावाचा रकाना मात्र तुमच्या प्रत्येक कमेंटबरोबर, प्रत्येक शोधात दिसतो.

ही जागा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या पद्धतीने मिळते. फेसबुकवर मुख्य नावात कंस आणि चिन्हे टाकायला जाऊ नका, ती चालत नाहीत. तिथे 'माझ्याबद्दल' या भागात इतर नावे जोडायची वेगळी सोय आहे. टोपणनाव, माहेरचे नाव, पूर्वीचे नाव असे प्रकार त्यात असतात, आणि ते प्रोफाइलच्या माथ्यावर दाखवायचा पर्यायही असतो. तिथे 'साने' नोंदवले की जुन्या नावाने शोधणाऱ्यालाही तुम्ही सापडू शकता. फेसबुकबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: एकदा नाव बदलले की 60 दिवस पुन्हा बदलता येत नाही. म्हणून तिथे शेवटी जा, आणि बटण दाबण्याआधी स्पेलिंग दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या.

लिंक्डइनवर पूर्वीच्या नावासाठी स्वतंत्र रकाना आहे आणि ते कोणाला दिसावे हेही ठरवता येते. तुमच्यासारख्या व्यावसायिकाने तो भरावाच, कारण जुन्या ग्राहकाने दोन वर्षांनी शोधले तर तो बहुधा इथेच शोधेल. इन्स्टाग्रामवर हँडलच्या खाली जो नावाचा रकाना असतो, त्यात 'मीरा जोशी (साने)' असे लिहा. बायोमध्येही लिहा, पण बायोच्या भरवशावर राहू नका. शोधणाऱ्याच्या समोर जी यादी येते तिच्यात हँडल आणि नाव दिसते, बायो दिसत नाही. हे नाव 14 दिवसांत दोनदाच बदलता येते, म्हणून रोज थोडे थोडे सुधारत बसता येणार नाही. एक्सवर दिसणाऱ्या नावाला 50 अक्षरांची जागा आहे, ती पुरते. तुमच्या खात्यावर निळी खूण असेल तर नाव बदलल्यावर ती तपासणी होईपर्यंत काही काळ नाहीशी होते. त्या दिवसांत लोक जास्त संशय घेतात, हे गृहीत धरून पिन केलेली पोस्ट आधीच तयार ठेवा. मेटाकडून पैसे भरून घेतलेली खूण असेल तर नाव बदलताना पडताळणी पुन्हा करावी लागते, तेव्हा नव्या नावाचे ओळखपत्र हातात आल्याशिवाय ते काम काढू नका.

देवनागरीत लिहिताना जागा वाटते त्याहून लवकर संपते, कारण बऱ्याच ठिकाणी काना, मात्रा, वेलांटी ही वेगवेगळी अक्षरे म्हणून मोजली जातात. 'पूर्वीची' हा डोळ्यांना तीन अक्षरी वाटणारा शब्द असा मोजला तर आठ होतो. व्हॉट्सॲपवर नावाला 25 अक्षरेच मिळतात. तिथे 'पूर्वीची' गाळून नुसते 'मीरा जोशी (साने)' पुरेसे आहे.

व्हॉट्सॲपचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबतो, कारण सगळ्यांत मोठा गैरसमज तिथे असतो. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे, त्यांना तुम्ही प्रोफाइलमध्ये लावलेले नाव चॅटच्या यादीत दिसतच नाही. त्यांना त्यांनी स्वतः सेव्ह केलेले नाव दिसते. तुम्ही बदल केलात तरी त्यांच्या फोनमध्ये तुम्ही 'मीरा साने'च राहता. उद्या कुणी त्यांना "मीरा जोशींना विचारा" म्हटले आणि त्यांनी फोनमध्ये जोशी शोधले, तर काहीच सापडणार नाही. उलट ज्यांनी नंबर सेव्ह केलेला नाही, म्हणजे ग्रुपमधली निम्मी माणसे, त्यांना नंबराशेजारी अचानक नवे नाव दिसते आणि "ही नवीन कोण आली?" असा प्रश्न पडतो. म्हणजे एकाच बदलाचे दोन उलटे परिणाम होतात, आणि दोन्हींना वेगळे औषध लागते.

सेव्ह केलेल्यांसाठी संपर्क कार्ड पाठवा. स्वतःच्या फोनमध्ये स्वतःचा नंबर 'मीरा जोशी (साने) भाषांतर' अशा नावाने सेव्ह करा आणि तो संपर्क म्हणून शेअर करा. समोरच्याला त्यावर बोट टेकवून असलेल्या संपर्कातच भर घालता येते, टाइप करावे लागत नाही. हे एकेकाला पाठवणे सोपे नसेल तर ब्रॉडकास्ट यादी वापरा. एका यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. इथे आपल्याला नेमके तेच लोक हवे आहेत, त्यामुळे ही मर्यादा आड येत नाही. ग्रुपांसाठी मात्र प्रत्येक ग्रुपमध्ये एक ओळ टाका: "मी मीरा साने, आता इथे मीरा जोशी या नावाने दिसेन." स्टेटसवर टाकलेली बातमी 24 तासांत जाते, म्हणून नुसत्या स्टेटसवर भागवू नका.

ईमेलचे तसेच. पत्ता तोच ठेवता येत असेल तर ठेवा आणि फक्त पाठवणाऱ्याचे नाव बदला. जीमेलमध्ये हे सेटिंग्जमधल्या खात्यांच्या भागात होते. निदान वर्षभर सहीत 'मीरा जोशी (पूर्वीची मीरा साने)' असे राहू द्या. यामागे साधे कारण आहे: ग्राहक जुने कोटेशन शोधताना मेलबॉक्समध्ये 'साने' टाइप करतो. सहीत ते नाव असेल तर तुमचे नवे मेलही त्याच शोधात वर येतात आणि धागा तुटत नाही. पत्ता बदलणे भागच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे मेल आपोआप वळतील अशी सोय करा, आणि नव्या पत्त्यावरचा पहिला मेल कुणालाही पाठवण्याआधी जुन्या पत्त्यावरून कळवा. पूर्णपणे नवे नाव आणि नवा पत्ता असा मेल स्पॅममध्ये गेला तर त्यात कुणाचा दोष नसतो.

आता हँडल. माझे मत स्पष्ट आहे: हँडलमध्ये जुने आडनाव नसेल तर ते बदलूच नका. असेल तर घाई करू नका, नाव बदलून किमान महिना जाऊ द्या. दिसणारे नाव बदलल्याने काही तुटत नाही, पण हँडल म्हणजे पत्ता आहे. ते बदलले की तुमचे फॉलोअर आणि संदेश जागेवर राहतात, मात्र दुसऱ्यांच्या वेबसाइटवर, छापील कार्डावर, जुन्या मुलाखतीत दिलेली लिंक रिकाम्या पानावर जाऊ लागते. इतरांनी जुन्या पोस्टमध्ये @ लावून केलेला तुमचा उल्लेख एक्सवर जुन्याच हँडलकडे बोट दाखवत राहतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे सोडलेले हँडल दुसरे कुणीही घेऊ शकते. त्याने तुमचाच फोटो लावला तर जुन्या लिंकवरून येणारा ग्राहक थेट त्याच्या हाती लागतो.

त्यामुळे आधी सगळ्या ठिकाणी नवे हँडल मोकळे आहे का ते बघा. एके ठिकाणी मिळते आणि दुसरीकडे नाही, असे झाले तर थोडे लांब पण सगळीकडे सारखे मिळणारे निवडा, उदाहरणार्थ नावापुढे व्यवसायाचा शब्द. मग बदल करताच दुसऱ्या ईमेलवरून एक साधे खाते काढून त्याला तुमचे जुने हँडल देण्याचा प्रयत्न करा, आणि तिथे तोच फोटो व "आता मी या हँडलवर आहे" एवढीच पाटी लावा. इन्स्टाग्रामवर जुने हँडल साधारणपणे 14 दिवस तुमच्यासाठी परत घेण्याजोगे असते. तोवर ते नव्या खात्याला मिळाले नाही तर मुदत संपल्यावर पुन्हा बघा. ते पाटीचे खाते कुठल्याही चर्चेत वापरू नका, नाहीतर तेच बनावट वाटू लागेल.

घोषणा एकदा करून भागत नाही. पहिली बदलाआधी, दुसरी बदलाच्या दिवशी, मग साधारण महिन्याने एक आणि तीन महिन्यांनी एक अशी ठेवा. प्रत्येक वेळी नुसते नाव सांगू नका, एखादे झालेले काम दाखवा आणि त्यात एका वाक्यात जुने नाव येऊ द्या. बदलाच्या दिवशीची पोस्ट पिन करा. इन्स्टाग्रामवर स्टोरी टाकली असेल तर ती हायलाइट्समध्ये ठेवा, म्हणजे प्रोफाइल उघडणाऱ्याला ती नेहमी दिसते.

सगळे नीट झाले की नाही, हे स्वतःच्या फोनवरून कळत नाही, कारण ॲप तुम्हाला तुमचेच खाते आधी दाखवते. तुम्हाला फॉलो न करणाऱ्या एखाद्या व्यक्तीच्या फोनवर चार शोध करून बघा: जुने नाव देवनागरीत, जुने नाव रोमनमध्ये, आणि नवे नाव दोन्ही लिप्यांत. जिथे जुन्या नावाने तुम्ही सापडत नाही तिथे नावाच्या रकान्यात 'साने' राहिलेले नाही असे बहुतेक वेळा निघते. मग तुमच्या कार्डावरची, वेबसाइटवरची आणि ईमेलच्या सहीतली प्रत्येक लिंक एकेकदा दाबून बघा. "आपण कोण?" असे संदेश आले तर ते कुठून आले याची नोंद ठेवा. तीन-चार एकाच ठिकाणाहून आले तर तिथली जोडणी कच्ची आहे.

कंसातले 'साने' कधी काढायचे? तुमच्याकडे वर्षातून एकदाच काम देणारे ग्राहक असतील, म्हणून निदान एक पूर्ण वर्ष जाऊ द्या. काढतानाही आधी एक्स आणि इन्स्टाग्रामवरून काढा, मग व्हॉट्सॲपवरून. फेसबुकचे इतर नाव आणि लिंक्डइनचे पूर्वीचे नाव तसेच राहिले तरी चालते, कारण ती जागाच त्यासाठी आहे.

हे सगळे जुने नाव दिसायला हरकत नाही असे धरून लिहिले आहे. तुमच्या यादीत असे कुणी असेल ज्याला नवे नाव कळू नये असे वाटते, किंवा जुने नाव दिसणेच तुम्हाला नको असेल, तर जाहीर घोषणा करू नका. ज्यांना कळायला हवे त्यांना एकेकाला व्यक्तिशः संदेश पाठवा, फोटो तोच ठेवा आणि हँडलही काही काळ तेच असू द्या. पूर्वीच्या नावाचे रकाने रिकामे सोडा. आणि लक्षात असू द्या की इतरांच्या जुन्या पोस्टमध्ये हाताने लिहिलेले तुमचे जुने नाव आपोआप बदलत नाही. त्या लोकांना विनंती करून ते बदलून घ्यावे लागते, आणि ते काम नाव बदलण्याच्या आधी सुरू केलेले बरे.